429 आला की थांबायचं किती?
समजा, तंजावूरमधल्या कुणाची स्क्रिप्ट बाजार बंद झाल्यावर, दुपारी ३:३५ला, २०० शेअर्सचे भाव ओढते. सर्व्हर सेकंदाला ३ विनंत्या घेतो; दहा वर्कर एकदम धावले की `429` येतो. उत्तरात `Retry-After` असेल तर निदान तेवढे सेकंद थांबावं. नसेल तर १, २, ४, ८ असं दुप्पट करत जावं आणि ६० सेकंदांवर अडवावं. पण दहाही जण बरोबर ४ सेकंदांनी उठले तर पुन्हा तीच धक्काबुक्की! म्हणून प्रत्येकाने ० ते ४ मधला आकडा चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा. तरीही लॉगमध्ये `429` ओसरत नसेल, तर वर्करच कमी करा. सेकंदाला ३ या दराने २०० भावांना ६७ सेकंद लागणारच.