इराणी जन्मदाखल्यावरची तारीख

इराणी सौर वर्ष मार्चमधील वसंतसंपाताला सुरू होते. इंग्रजी साल काढण्यासाठी त्यात ६२१ मिळवतात. पण दहाव्या ‘दै’ महिन्याच्या १०-११ तारखेनंतर ६२२ मिळवावे लागतात. जन्मदाखल्यावर २० दै १३६९ असेल, तर इंग्रजी तारीख १० जानेवारी १९९१ येते. इथे सवयीने ६२१ मिळवले, तर वय एका वर्षाने वाढते आणि पासपोर्टशी मेळ बसत नाही.

अरबी चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने तिथे अशी ठरावीक बेरीज चालत नाही. सौदी कागदांसाठी उम्म अल-कुरा पंचांग पाहतात. चंद्रदर्शनावर चालणाऱ्या देशांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. कागदावर वार असेल, तर तो ताडून पाहता येतो. अनुवादात मूळ तारीखही शेजारी ठेवतात.