तोटा सारखाच, कर मात्र वेगळा

एकाच कार्यालयात काम करणारे दोन सहकारी आहेत असे समजा. दोघांचा करपात्र पगार 14 लाख रुपये आणि बँकेतल्या मुदत ठेवींचे व्याज 60 हजार. पहिल्याने इंट्राडे व्यवहारांत, म्हणजे सकाळी घेतलेले शेअर त्याच दिवशी विकून, 2 लाख गमावले, पण फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये 70 हजार कमावले. दुसऱ्याचे नेमके उलटे झाले: इंट्राडेत 70 हजारांचा नफा आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये 2 लाखांचा तोटा. बाजारात दोघेही 1 लाख 30 हजारांनी बुडाले. तरी पहिल्याला 15 लाख 30 हजारांवर कर भरावा लागतो आणि दुसऱ्याला 14 लाखांवर.

ही तफावत सट्ट्याच्या व्याख्येतून येते. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43(5) प्रमाणे, ज्या सौद्यात माल किंवा शेअर प्रत्यक्ष हाती येत नाहीत आणि फक्त भावातला फरक देऊन-घेऊन हिशेब मिटतो, तो सट्टा. इंट्राडेत शेअर डीमॅट खात्यात येतच नाहीत, म्हणून तो सट्टा ठरतो. कायदा सट्ट्याला वेगळा व्यवसाय मानतो आणि कलम 73 प्रमाणे त्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. म्हणून पहिल्याचे 2 लाख ना फ्युचर्सच्या नफ्याला लावता येतात, ना व्याजाला. दुसऱ्याचा तोटा मात्र साध्या व्यवसायाचा. तो आधी इंट्राडेच्या 70 हजारांतून आणि मग व्याजाच्या 60 हजारांतून वजा झाला. उरलेले 70 हजार पगारातून वजा होत नाहीत, कारण कोणत्याही व्यवसायाचा तोटा पगाराला लावायला कायद्याची मनाई आहे.

आता कोणीही विचारेल की ऑप्शन्समध्ये तरी कुठे माल हाती येतो? बहुतेक सौदे तिथेही फरकावरच मिटतात, आणि जोखीम तर इंट्राडेपेक्षा अनेकदा जास्तच असते. 2005 पर्यंत तेही सट्ट्यातच धरले जात. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने मान्यताप्राप्त शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांना व्याख्येतून बाहेर काढले. सोने, चांदी, कच्चे तेल यांच्या एक्सचेंजवरच्या वायद्यांना ही सवलत 2013 मध्ये मिळाली, कमोडिटी व्यवहार कर लागू झाला तेव्हा.

सवलतीच्या अटी वाचल्या की मूळ भीती कळते. सौदा संगणकाच्या पडद्यावर, नोंदणीकृत दलालामार्फत झालेला हवा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर वेळेचा शिक्का, ग्राहकाचा क्रमांक आणि पॅन हवा. पूर्वी फरकाचे सौदे कागदावर उभे राहत. ज्याला मोठा नफा झाला आहे त्याने वर्षअखेरीस मागच्या तारखेचा तोटा दलालाकडून लिहून घ्यायचा आणि कर वाचवायचा, हे सहज शक्य होते. माल हललेलाच नसल्याने ना गोदामाची पावती, ना वाहतुकीचे बिल; अधिकाऱ्याने खोटेपणा सिद्ध करायचा कसा? म्हणून सट्ट्याच्या तोट्याभोवती भिंत घातली गेली. तो खरा असला तरी भिंतीबाहेर पडत नाही. डब्बा ट्रेडिंगसारखे बाजाराबाहेरचे सौदे आजही असेच असतात, तिथे ही भिंत मला योग्य वाटते. पण आजच्या इंट्राडे सौद्याची नोंद ऑप्शन्सइतकीच पक्की असते. वेळ, पॅन, सगळे असते. तरीही त्याला जुन्याच भिंतीआड ठेवणे मला अन्यायाचे वाटते. छोट्या गुंतवणूकदाराचा खरा तोटाही त्यात अडकून पडतो.

अडकलेला तोटा पुढे नेता येतो, पण फक्त चार वर्षे, आणि तेवढ्यात सट्ट्यातच नफा झाला तर. साध्या व्यवसायाच्या तोट्याला आठ वर्षे मिळतात, पण तोही पुढच्या वर्षांत फक्त व्यवसायाच्या नफ्यालाच लागतो. व्याजाला किंवा भाड्याला लावण्याची मुभा पहिल्याच वर्षापुरती असते. दोन्हींसाठी विवरणपत्र मुदतीत भरणे अनिवार्य आहे. तारीख चुकली की पुढे नेण्याचा हक्क जातो.

नोकरदारांची गफलत बहुधा इथेच होते. तोट्यावर कर कसला, असे म्हणून ते फक्त पगाराचे विवरणपत्र भरतात. इंट्राडे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केले असतील तर व्यवसायाचे उत्पन्न दाखवणारा आयटीआर-3 हा फॉर्म लागतो. दलालाच्या वार्षिक करविषयक अहवालात इंट्राडे, डिलिव्हरी आणि फ्युचर्स-ऑप्शन्स यांचे आकडे बहुधा वेगवेगळे दिलेले असतात. एकूण बेरजेचा आकडा न घेता हे तीन आकडे स्वतंत्रपणे भरावेत. डिलिव्हरी घेऊन गुंतवणूक म्हणून ठेवलेले शेअर तोट्यात विकले असतील, तर तो भांडवली तोटा. तो भांडवली नफ्यातूनच वजा होतो, इंट्राडेच्या नफ्यातून नाही.