एका भिंतीचा ठोकळा

थ्रीडी प्रिंटरचे तुकडे फुगलेले निघाले किंवा वरच्या थरात भेगा दिसल्या की बहुतेक जण सरळ स्लायसरमधला ‘फ्लो’ कमी-जास्त करतात. पण त्याआधी हे पाहायला हवे की, शंभर मिलीमीटर तार ढकल म्हटल्यावर यंत्र खरोखर तेवढी ढकलते का. एक मिलीमीटर तारेसाठी मोटरने किती पावले टाकायची, हा आकडा प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये असतो. एंडर ३ वर तो साधारण ९३ असतो.

नोझल तापवून एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर तारेला पेनाने खूण करा आणि १०० मिमी ढकलायला सांगा. वेग कमीच ठेवा, कारण घाईत दातेरी चाक तारेवर घसरते आणि मग घसरणच मोजली जाते. खूण तोंडापासून २० मिमीवर यायला हवी. समजा २६ वर थांबली, तर तार ९४ मिमीच गेली. ९३ ला १०० ने गुणून ९४ ने भागले की ९८.९४. मार्लिन फर्मवेअरमध्ये तो असा साठवतात:

```
M92 E98.94
M500
```

आता फ्लो. स्लायसरमध्ये साधा ठोकळा घ्या. भिंत एक, भराव शून्य, वरचे थर शून्य, फ्लो १००. वर उघडा, आत पोकळ असा डबा छापून येतो. डिजिटल कॅलिपरने चारही बाजूंची जाडी मधोमध, तळापासून जरा वर मोजा. कोपऱ्यात प्लास्टिक साचते आणि पहिला थर दाबून पसरलेला असतो, म्हणून ती दोन्ही ठिकाणे टाळायची. जाडी ०.४७, ०.४८, ०.४९, ०.४८ मिमी आली तर सरासरी ०.४८. स्लायसरने भिंत ०.४५ ठरवली असेल, तर ०.४५ भागिले ०.४८, म्हणजे फ्लो सुमारे ९४ टक्के.

गफलत होते ती इथेच. नोझल ०.४ मिमीचे म्हणून लोक ०.४ ने हिशेब करतात आणि फ्लो ८३ वर आणतात. मग भिंती एकमेकींना धरत नाहीत, तुकडा बोटाने सोलला जातो. भागायचे ते स्लायसरमधल्या रेषेच्या रुंदीला, नोझलच्या भोकाला नव्हे.

शिवाय कॅलिपरचे जबडे थरांच्या उंचवट्यांवर टेकतात, त्यामुळे भिंत आहे त्यापेक्षा जाड वाटते. साध्या कॅलिपरमध्ये ०.०२ मिमीची चूक गृहीतच धरावी लागते आणि ०.४५ वर ती चार टक्क्यांहून जास्त होते. दशांशानंतरच्या दोन घरांवर भांडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा मिळालेल्या फ्लोवर एक भरीव चौकोन छापून वरचा थर उजेडात तिरका धरा. रेषांमध्ये फटी दिसल्या तर एक-दोन टक्के वाढवा, नोझल घासून खरखरीत कडा उठल्या तर तेवढेच उतरवा. तारेची रीळ बदलली की फ्लो पुन्हा पाहावा लागतो. पावलांचा आकडा मात्र एक्स्ट्रूडर बदलेपर्यंत सहसा तोच राहतो.