वहीत काय, मोबाइलमध्ये काय?

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आणि अभ्यासिकांमध्ये वहीला पुन्हा मान आला. पेपर हातानेच लिहायचा, त्यामुळे ते रास्तच आहे.

मात्र योजनांचे तपशील, अर्थसंकल्पाचे आकडे सतत बदलतात. ते मोबाइलमध्येच ठेवावेत. शोधायला सोपे, खाडाखोडही नाही.

राज्यघटनेसारखा स्थिर भाग सुट्या कागदांवर लिहावा, एका मुद्द्याला एकच पान. उदाहरणार्थ, 73वी घटनादुरुस्ती: ग्रामसभा, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, वित्त आयोग, अकरावी अनुसूची. उजळणीला पान पालथं घालून हे पाच मुद्दे कोऱ्या कागदावर आठवून लिहायचे, मग पडताळायचे. नुसतं वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, पेपरात मात्र आठवत नाही. सुटलेल्या मुद्द्यावर लाल खूण करायची. अशी पानं तीन दिवसांनी पुन्हा घ्यायची, बाकीची पंधरवड्याने.