‘लक्ष ठेव’ म्हणजे नेमकं काय?

सोमवारी सकाळी दहाला टीमच्या चॅनलवर एक ओळ येते : ‘हँडओव्हर. आठवडा शांत गेला. डेटाबेसच्या डिस्कवर लक्ष ठेव, अलार्म १४:३० पर्यंत सायलेन्स केलाय. बाकी सगळं ठीक.’ लिहिणारी इंजिनिअर सलग सात दिवस ऑन-कॉल होती. म्हणजे रात्री-अपरात्री सर्व्हर बिघडला की फोन तिला यायचा. आता तो पुढच्या माणसाला येणार. तो अंगठ्याची खूण टाकतो. पाळी बदलली.

या ओळीत खोटं काहीच नाही. तरीही ती वाचून नवा माणूस आंधळाच राहतो. कोणती डिस्क, किती भरली, कशामुळे भरतेय? १४:३० कुठल्या घड्याळातले? आणि ‘लक्ष ठेव’ म्हणजे काय दिसल्यावर काय करायचं?

पाळी बदलताना राहून गेलेल्या एका गोष्टीची किंमत काय असू शकते, हे सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी तेल उद्योगानं पाहिलं. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर दोन पंपांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होता. त्याची सुरक्षा झडप काढून नेलेली होती आणि उघड्या नळीच्या तोंडावर तात्पुरती चकती बसवली होती. पंपाच्या दुरुस्तीचा परवाना वेगळा, झडपेचा वेगळा. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना पंपाचा परवाना माहीत होता, झडप जागेवर नाही हे कुणी त्यांच्यापर्यंत पोचवलं नव्हतं. त्यांनी पंप सुरू करायला घेतला आणि चकतीतून वायू सुटला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालानं परवान्यांच्या आणि पाळीबदलाच्या त्रुटींवर नेमकं बोट ठेवलं.

डेटाबेसच्या डिस्कपायी सहसा कुणाचा जीव जात नाही. घोळाची जात मात्र तीच आहे. आधीच्या माणसानं काहीतरी नेहमीच्या स्थितीतून हलवून ठेवलेलं असतं आणि नंतरचा माणूस सगळं जागेवर आहे असं धरून चालतो. म्हणून हँडओव्हरचा खरा विषय ‘आठवड्यात काय काय झालं’ हा नव्हेच. ती यादी अलार्मच्या नोंदींत आयती मिळते. ‘आत्ता काय नेहमीसारखं नाही’ हे मात्र फक्त जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं.

वरची ओळ उलगडूनच पाहू. ही टीम समजा पुण्यातली, दुकानदारांचे पैसे जमा करणारी सेवा सांभाळणारी. तिचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी एका रोजकीर्दीत लिहितो आणि मग पक्क्या खात्यात उतरवतो. अहवालांसाठी वेगळा सर्व्हर आहे, तो हीच रोजकीर्द वाचून स्वतःची प्रत तयार ठेवतो. त्यानं कुठपर्यंत वाचलं याची खूणगाठ मुख्य डेटाबेस बांधून ठेवतो. तिला स्लॉट म्हणतात. त्या खुणेपुढची पानं डेटाबेस फेकत नाही, कारण वाचणारा परत येईल.

शुक्रवारी संध्याकाळी अहवालाच्या टीमनं आपला सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद केला. खूण जागच्या जागी राहिली, पानं साठत गेली. शनिवारी सकाळी दहाला डिस्क ७५ टक्के भरली आणि अलार्म वाजला. ऑन-कॉल इंजिनिअरनं कारण शोधलं :

```
SELECT slot_name, active FROM pg_replication_slots;
```

`report_replica` या नावासमोर `f` दिसलं, म्हणजे वाचणारा हजर नाही. अहवालवाल्यांनी सांगितलं, मंगळवार-बुधवारपर्यंत सर्व्हर परत येईल. घाई नव्हती. तिनं अलार्म गप्प केला. सोमवारी सकाळी डिस्क ८१ टक्क्यांवर होती.

आता त्या एका ओळीचे दोष बघा. १४:३० ही वेळ तिनं सायलेन्सच्या पानावरून उचलली होती आणि ते पान यूटीसी दाखवत होतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे अलार्म रात्री आठपर्यंत गप्प. नवा माणूस समजणार, दुपारी अडीचनंतर अलार्म जागा आहे. चारला तो वाजला नाही, तर त्याला वाटणार सगळं ठीक आहे. चुकीच्या माहितीपेक्षा हा चुकीचा दिलासा वाईट, कारण शंका यायलाही तो जागा ठेवत नाही.

दुसरा दोष तिलाही ठाऊक नव्हता. सायलेन्स तिनं अलार्मच्या नावावर लावला होता. त्याच नावाचे दोन अलार्म होते : ७५ टक्क्यांचा सौम्य आणि ९० टक्क्यांचा गंभीर. दोन्ही गप्प झाले होते. ही चूक अगदी रोजची आहे आणि ती सापडते एकाच सवयीनं : हँडओव्हर आठवणीतून लिहायचा नाही, समोर पडद्यावर बघून लिहायचा. प्रोमिथियसची अलर्टमॅनेजर प्रणाली वापरणाऱ्यांना एवढं पुरतं :

```
amtool silence query
```

चालू असलेले सगळे सायलेन्स, ते कशावर लागू आहेत, कधी संपतात आणि कुणी लावले, हे समोर येतं. असंच तात्पुरत्या बदललेल्या सेटिंगांचं, हातानं थांबवलेल्या कामांचं. पायपर अल्फावरची ती चकती इथे या रूपांत भेटते.

तिनं ही आज्ञा चालवली असती, तर संदेश असा झाला असता :

> चालू प्रश्न : मुख्य डेटाबेसची डिस्क आज सकाळी १० वाजता ८१ टक्के. शनिवारी याच वेळी ७५ होती, म्हणजे दिवसाला ३. कारण : `report_replica` चा स्लॉट शुक्रवार संध्याकाळपासून अडकलाय. ग्राहकांना अजून त्रास नाही.
>
> मी बदललेलं : डिस्कच्या अलार्मवर सायलेन्स होता, त्यात ९० टक्क्यांचा अलार्मही गप्प होता. तो काढला. आता फक्त ७५ चा अलार्म गप्प, आज रात्री ८ पर्यंत (भारतीय वेळ).
>
> धोका : या वेगानं गुरुवारी सकाळी ९०. पण उद्या १ तारीख, संध्याकाळी ६ पासून महिन्याचा हिशेब चालतो आणि लिखाण खूप वाढतं. तेव्हा हा अंदाज उद्या संध्याकाळपर्यंतच धर. ६ नंतर दर तासाला आकडा बघ.
>
> ८८ झाले तर : स्लॉट काढून टाक. अहवाल टीमच्या प्रमुखांची परवानगी काल घेतली आहे, पुन्हा विचारायची गरज नाही, फक्त कळव. त्यांची प्रत पुन्हा बनवावी लागेल, त्याला काही तास जातील.
>
> फोन : स्लॉट काढूनही अर्ध्या तासात जागा सुटली नाही, तर डेटाबेस टीमचा ऑन-कॉल. त्यानं दहा मिनिटांत उचलला नाही तर त्यांचा दुसरा नंबर. हिशेबाचं काम थांबवायचं असेल तर ते आपण ठरवायचं नाही, पेमेंट्सच्या मॅनेजरांना रात्रीही फोन कर.

लांबी वाढली, पण वाचायला दोन मिनिटं पुरतात. यातला सर्वांत मोलाचा मजकूर आकडे नव्हेत, परवानगीचं वाक्य आहे. दुसऱ्या टीमची वस्तू काढून टाकायची तर रात्री नऊला कुणाला तरी गाठावं लागतं, समजवावं लागतं, त्याच्या होकाराची वाट पाहावी लागते. डिस्क तोवर भरतच असते. पूर्ण भरली की पोस्टग्रेसला रोजकीर्द लिहिता येत नाही आणि तो बंद पडतो. रविवारी दुपारी निवांतपणे घेतलेली परवानगी हँडओव्हरमधून पुढे गेली नाही, तर ती घेतली नसल्यासारखीच.

‘कुणाला फोन करायचा’ या भागात नुसती नावांची यादी टाकायची चाल फार आहे. खऱ्या संदेशात नाव असावंच, पण कुठल्या प्रश्नासाठी, किती वेळ थांबून आणि उचलला नाही तर पुढे कुणाला, हेही हवं. आणखी एक फरक कागदावर येणं जरुरीचं आहे : कुणाला प्रश्न सोडवता येतो आणि कुणाला निर्णय घेता येतो. डेटाबेसचा जाणकार डिस्क मोकळी करू शकतो, दुकानदारांचा हिशेब एक दिवस पुढे ढकलायचा हक्क त्याला नाही. दिवाळीच्या आठवड्यात निम्मी माणसं गावी असतात. तेव्हा नाव लिहिण्याआधी तो माणूस रजेवर नाही ना, एवढं विचारून घ्यावं. पासवर्ड किंवा ग्राहकांचे तपशील मात्र या संदेशात कधीही नकोत, चॅनल बरेच लोक वाचतात.

आणि ती अंगठ्याची खूण? ती ‘पाहिलं’ एवढंच सांगते, ‘कळलं’ हे सांगत नाही. रुग्णालयांनी हा धडा मोजून घेतला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत डॉक्टरांच्या पाळीबदलासाठी आय-पास ही पद्धत आणली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. या पद्धतीची शेवटची पायरी म्हणजे घेणाऱ्यानं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. अर्थात त्यात प्रशिक्षण आणि इतर बदलही होते, सगळं श्रेय एका पायरीला देता येणार नाही. पण परत सांगताना गैरसमज लगेच उघडे पडतात हे कुणीही करून पाहावं.

आपल्या उदाहरणातला नवा इंजिनिअर उत्तर लिहितो : ‘म्हणजे उद्या सहापासून दर तासाला बघायचं, ८८ ला स्लॉट काढायचा, अहवालवाल्यांना कळवायचं. एक शंका : तोवर त्यांचा सर्व्हर परत आला तर?’ ती म्हणते, ‘मग काही करू नकोस. तो वाचायला लागेल आणि डिस्क आपोआप उतरेल. `f` चं `t` झालं का ते आधी बघ.’ हे तिच्या संदेशात राहून गेलं होतं. या प्रश्नानंतर तिनं ती ओळ वाढवली आणि संदेश चॅनलच्या माथ्यावर पिन केला, नाहीतर दुपारपर्यंत तो चाळीस संदेशांखाली गेला असता.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. एकच बाब सलग तिसऱ्या सोमवारी हँडओव्हरमध्ये आली, तर ती सोपवली जात नसून नुसती पुढे सरकवली जातेय. अशा वेळी तिला ठरलेला मालक आणि तारीख द्यावी, आणि हँडओव्हरमध्ये तेवढा दुवा ठेवावा. नाहीतर यादी पंचवीस ओळींची होते आणि वाचणारा वरच्या तीनच वाचतो.

मंगळवारी संध्याकाळी सहाला डिस्क ८५ वर होती. हिशेब सुरू झाला आणि दर तासाला जवळजवळ एक टक्का वाढू लागला. नऊला ८८. त्यानं आधी पाहिलं, अजूनही `f` च होतं. मग ही ओळ चालवली :

```
SELECT pg_drop_replication_slot('report_replica');
```

काही मिनिटांत जुनी पानं गेली आणि आकडा ७० च्या खाली उतरला. डेटाबेसवाल्यांना फोन करावा लागला नाही. अहवालवाल्यांना त्यानं चॅनलवर दोन ओळी टाकल्या आणि त्यांनी बुधवारी प्रत पुन्हा बनवली. पुढच्या सोमवारच्या हँडओव्हरमध्ये पहिली ओळ होती : ‘`report_replica` परत चालू, डिस्क ६४ टक्के, कुठलाही सायलेन्स नाही. ही बाब यादीतून काढली.’