वीचॅटची ‘आपोआप’वाली चौकट

चीनमधल्या विद्यापीठांच्या आसपास 打印店 अशा पाटीची दुकानं हमखास दिसतात. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांसारखीच ती असतात. आत काही संगणक मांडलेले असतात. पोरं येतात, मोकळ्या खुर्चीत बसतात, संगणकावर वीचॅट उघडतात, पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने टिपतात, गटात आलेली पीडीएफ उघडून छापतात आणि पैसे देऊन निघून जातात. तिथे एमबीबीएस करणारी आपली मुलंही हेच करतात. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत वीचॅट होतं, त्यामुळे इथे त्याचा संबंध सुटला. चीनमध्ये राहायचं तर मात्र कॉलेजच्या सूचनांपासून भाजीवाल्याच्या पैशांपर्यंत सगळं त्याच्यावरच चालतं.

दुकानातल्या त्या दोन मिनिटांत फोनवर एक पडदा उघडतो आणि बहुतेक जण तो न वाचता हिरवं बटण दाबतात. चिनी वाचता येत नसेल तर आणखीच पटकन. त्या पडद्यावर एक छोटी चौकट असते. तिच्यावर खूण राहिली तर दुकानातला संगणक आपल्याला ओळखीचा होऊन बसतो.

आधी हा कोड काय करतो ते पाहू. संगणकावर दिसणाऱ्या कोडमध्ये आपली काहीच माहिती नसते. त्यात असतो फक्त एक तात्पुरता क्रमांक, म्हणजे ‘या संगणकाला कोणीतरी आत घ्या’ अशा विनंतीचा नंबर. थोड्या वेळात तो शिळा होतो आणि नवा कोड येतो. आपण फोनने तो टिपला की आपला फोन टेन्सेंट या वीचॅटच्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतो की हा क्रमांक मी पाहिला. संगणक तोवर सर्व्हरला सारखं विचारत असतो. वीचॅटच्या जुन्या वेब आवृत्तीत ही उत्तरं आकड्यांत येत. 408 म्हणजे अजून कोणी टिपलं नाही, 201 म्हणजे टिपलं पण होकार नाही आणि 200 म्हणजे होकार आला. टिपल्याबरोबर संगणकावर आपला फोटो झळकतो तो 201 च्या वेळचा. फोटो दिसला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तेव्हा काहीच झालेलं नसतं. दार उघडतं ते फोनवरच्या होकारानेच.

यातली मेख अशी, की फोन आणि संगणक एकाच खोलीत आहेत की हजार किलोमीटर अंतरावर, हे त्या कोडमधून कळत नाही. कोड छापून भिंतीवर लावला, चित्र करून गटात टाकला किंवा एखाद्या खेळाच्या पानावर चिकटवला, तरी टिपणाऱ्याचा होकार जातो मूळ विनंती करणाऱ्या संगणकाला. २६ जून २०२२ च्या रात्री टेन्सेंटच्याच क्यूक्यू या दुसऱ्या गप्पांच्या ॲपवर याचा मोठा तमाशा झाला. असंख्य लोकांच्या खात्यांवरून त्यांच्या मित्रांना आणि गटांना अश्लील जाहिरातींची चित्रं जाऊ लागली. मास्तर आणि पालक असलेल्या वर्गाच्या गटांतसुद्धा. दुसऱ्या दिवशी क्यूक्यूने खुलासा केला की भामट्यांनी खेळात शिरण्याचे बनावट कोड पसरवले होते, लोकांनी ते टिपून परवानगी दिली आणि त्या परवानगीवर खाती वापरली गेली. कोणाचा पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही.

म्हणून पडदा वाचायला शिकावं लागतं आणि त्यासाठी चिनी भाषा यायला हवी असं नाही. संगणकावर वीचॅट उघडण्याची परवानगी मागणाऱ्या पडद्यावर संगणकाचं चित्र असतं आणि चिनी अक्षरांत Windows किंवा Mac हा शब्द रोमन लिपीत उठून दिसतो. उदाहरणार्थ 登录 Windows 微信. याचा अर्थ असा की तुमचं अख्खं वीचॅट त्या यंत्रावर उघडणार आहे. याउलट, एखाद्या संकेतस्थळावर वीचॅटच्या ओळखीने नोंद करायची असेल तर पडद्यावर त्या संकेतस्थळाचं नाव आणि चिन्ह येतं आणि तुमचं टोपणनाव व फोटो वापरू का, एवढंच विचारलं जातं. तेव्हा खेळासाठी, कूपनसाठी किंवा मतदानासाठी म्हणून कोड टिपला आणि फोनवर Windows असं आलं, तर तो कोड दुसऱ्याच कोणाच्या संगणकाचा आहे. हिरव्या 登录 बटणाखालचा 取消 हा शब्द ‘रद्द’साठी आहे. तो दाबला की विनंती तिथेच संपते.

आता आपण स्वतः दुकानात बसलो आहोत, कोड समोरच्याच संगणकाचा आहे आणि पडदाही बरोबर आहे असं धरू. इथे धोका परक्या कोडचा नाही, चौकटीचा आहे. होकाराच्या पडद्यावर बटणाच्या आसपास एक-दोन पर्याय दिसू शकतात. आवृत्ती बदलली की त्यांची जागा हलते, पण शब्द ओळखता येतात. एक असतो 同步最近消息, म्हणजे अलीकडचे संदेश या संगणकावर आणू का. दुसरा 自动登录该设备, म्हणजे या यंत्रावर पुढच्या वेळी आपोआप प्रवेश द्यायचा का. लक्षात ठेवायची ती पहिली दोन अक्षरं, 自动. त्यांचा अर्थ ‘आपोआप’. परक्या यंत्रावर ‘आपोआप’ काहीच नको.

ही खूण नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर कोणी वीचॅट उघडलं तरी आपला फोटो आणि खाली एक बटण एवढंच दिसतं. बटण दाबलं की विचारणा आपल्या फोनवर येते आणि आपण नाही म्हटलं की विषय संपतो. खूण असेल तर मधली ही विचारणाच नाहीशी होते. बटण दाबलं की थेट आत. घरच्या लॅपटॉपवर ही मोठी सोय आहे. दुकानात मात्र आपल्यानंतर त्या खुर्चीत कोण बसेल हे आपल्या हातात नसतं.

समजा, वुहानमध्ये शिकणारी सातारची एक मुलगी संध्याकाळी प्रॅक्टिकलचं जर्नल छापायला गेली. मागे रांग आहे, दुकानदार घाई करतो आहे. तिने कोड टिपला, दोन्ही चौकटींवरच्या खुणा तशाच राहिल्या, तिने हिरवं बटण दाबलं. छपाई झाली. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती उठली. फुलीने वीचॅट बंद होत नाही. खिडकी नाहीशी होते आणि ॲप खाली घड्याळाशेजारी जागंच राहतं. पुढचा मुलगा त्या चिन्हावर टिचकी मारतो आणि त्याच्यासमोर तिचे घरच्यांशी झालेले बोलणे, पासपोर्टचं पाठवलेलं छायाचित्र, भाड्याच्या खोलीचा करार, सगळं येतं. रात्री तिने हॉस्टेलवर आपल्या लॅपटॉपवर वीचॅट उघडलं की दुकानातलं सत्र तुटेल, कारण एका वेळी एकाच संगणकावर खातं चालतं. पण आपोआपची खूण कायम असल्याने सकाळी दुकानात कोणीही ते पुन्हा उघडू शकतो.

इथे एक गोष्ट घाबरणाऱ्यांसाठी सांगायला हवी. संगणकावरच्या वीचॅटमधून सहजी पैसे काढता येत नाहीत. पैसे द्यायचे तर फोन आणि पैशांचा वेगळा पासवर्ड लागतो. धोका आहे तो तिच्या नावाने बोलण्याचा. ‘आई, फी भरायची आहे, या खात्यावर पाठव’ असा संदेश तिच्याच खात्यावरून, तिच्याच जुन्या गप्पांच्या खाली आला तर साताऱ्यात बसलेल्या माणसाला शंका यायचं कारणच उरत नाही. लोक पाकिटाला जपतात आणि गप्पांकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते ही काळजी उलटी आहे.

सुटका कशी करायची, तर संगणकावर खातं उघडं असेल तोवर फोनवर गप्पांच्या यादीच्या वर एक पट्टी दिसते. Windows हा शब्द तिथेही असतो. ती दाबली की संगणकावरून बाहेर पडण्याचा पर्याय मिळतो. दुकानाबाहेर पडण्याआधी ती पट्टी गेली आहे की नाही, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. मात्र तेवढ्याने आपोआपची सवलत रद्द झाली असं समजू नये. त्यासाठी फोनवर 我 मध्ये जाऊन 设置, त्यातून 账号与安全 आणि तिथे उपकरणांची यादी उघडायची. कोणत्या नावाच्या यंत्रावर आपलं खातं कधी उघडलं ते तिथे दिसतं. ओळखीचं नसलेलं किंवा दुकानातलं नाव काढून टाकायचं. मग त्या यंत्राला पुन्हा फोनवरच्या होकाराखेरीज आत येता येत नाही. फोनची भाषा इंग्रजी केली असेल तर हेच मेनू इंग्रजीत मिळतात.

एक गोष्ट मात्र यादीतून नाव काढल्यानेही जात नाही. विंडोजवर वीचॅट आलेल्या फायली संगणकाच्या डॉक्युमेंट्समध्ये स्वतःचा फोल्डर करून ठेवतं. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव `WeChat Files`, तर ४.० पासून `xwechat_files`. त्याच्या आत प्रत्येक खात्याचा वेगळा फोल्डर असतो आणि पीडीएफ, वर्ड वगैरे फायली मूळ नावानिशी, कोणालाही उघडता येतील अशा पडून राहतात. संदेशांचा साठा कुलूपबंद असतो, फायली नसतात. अलीकडचे संदेश आणण्याची खूणही याच कारणाने नको, कारण जितकं कमी आत येईल तितकं कमी मागे उरेल.

नुसती छपाईच करायची असेल तर पूर्ण वीचॅट उघडण्याचं कारणही नाही. संगणकावरच्या कोडच्या खिडकीत 仅传输文件, म्हणजे ‘फक्त फायली पाठवा’ असा पर्याय मिळतो. ब्राउझरमध्ये `filehelper.weixin.qq.com` उघडूनही तेच होतं. कोड फोननेच टिपायचा असतो, पण संगणकावर फक्त फायलींची देवाणघेवाण करणारी एक रिकामी खिडकी उघडते. मित्र नाहीत, गट नाहीत, जुन्या गप्पा नाहीत. फोनवरून हवी ती पीडीएफ तिकडे पाठवायची, छापायची आणि खिडकी बंद करायची. उतरवून घेतलेली प्रत डाउनलोड्समध्ये राहते, ती पुसून रीसायकल बिनही रिकामी करायची.