बॉयलरचा दाखला आणि विमा कंपनीला ई-मेल

बॉयलर व दाबपात्रांच्या विम्यात स्फोटाची भरपाई मिळण्यासाठी त्या दिवशी तपासणीचा दाखला चालू असावा लागतो. म्हणून नवा दाखला हाती येताच कारखाना तो विमा कंपनीला ई-मेलने पाठवतो. महाराष्ट्रात बॉयलरचा दाखला बाष्पके संचालनालय देते आणि तो साधारण वर्षभर चालतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीसारखी दाबपात्रे मात्र कारखाना नियमांखाली येतात. त्यांची बाहेरून तपासणी दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्ती करते. त्यामुळे बॉयलरच्या मेलबरोबर टाकीचे कामही उरकले, असे समजणे चुकीचे ठरते.

ई-मेलच्या विषयात पॉलिसी क्रमांक असावा. मजकुरात प्रत्येक यंत्राचा पॉलिसीतील अनुक्रमांक, नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख, मुदत आणि मंजूर दाब लिहावा. नुसती स्कॅन केलेली पाने जोडली की कोणता कागद कोणत्या यंत्राचा, हे कळत नाही.

एका दूध प्रकल्पाचा बॉयलर 10.5 किलोच्या दाबाला विमित आहे, असे समजू. नळ्या झिजल्याने निरीक्षकाने दाब 9 किलोवर आणला. दाखला वैध आहे, पण पॉलिसीत जुनाच आकडा राहतो. हा बदल मेलमध्ये वेगळ्या ओळीत सांगावा, सेफ्टी व्हॉल्व्ह नव्या दाबाला बसवल्याची नोंद जोडावी आणि पॉलिसीत दुरुस्ती मागावी. आपोआप आलेली पोच म्हणजे दुरुस्ती नव्हे. लेखी दुरुस्तीपत्र हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.